“९८ टक्के अचूक” मजकूर तपासायचा कसा: सीईआर, डब्ल्यूईआर आणि पानांचा नमुना

प्रश्न: सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाने १९३० ते १९५० च्या सुमारच्या साप्ताहिकांची २,४०० पानं एका कंपनीकडून स्कॅन आणि ओसीआर करून घेतली. कंपनी म्हणते मजकूर ९८ टक्के अचूक आहे. मी पाच पानं तपासली तर कॅरेक्टर एरर रेट ४ टक्के आणि वर्ड एरर रेट २१ टक्के आला. यातलं खरं काय धरायचं, आणि किती पानं तपासली म्हणजे पुरे?

तुमच्या दोन आकड्यांत भांडण नाही, आणि कंपनीही खोटं बोलत असेलच असं नाही. अडचण अशी आहे की “अचूक” म्हणजे काय मोजलं, कशाला चूक म्हटलं आणि कोणती पानं घेतली, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. हे तीन ठरल्याशिवाय ९८ आणि ९६ यांची तुलनाच होत नाही. मी जुन्या मराठी छापील मजकुराचं हेच तपासणीचं काम करतो, म्हणून माझ्या पद्धतीने सांगतो. तुमची पानं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे खाली जिथे “समजा” म्हटलंय तिथे तुमचे आकडे घालून घ्या.

आधी एक ओळ जवळून पाहू. छापील पानावर आहे: “गिरणीतल्या दुसऱ्या पाळीचे कामगार”. ओसीआरने दिलं: “गिरणीतल्या दुसऱ्या पाळिचे काम गार”. मूळ ओळीत संगणकाच्या हिशेबाने ३२ चिन्हं आहेत, कारण प्रत्येक काना, वेलांटी, हलन्त आणि शब्दांमधली रिकामी जागा वेगळी मोजली जाते. चुका दोन: दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व झाली, म्हणजे एक बदल, आणि “काम” नंतर एक जागा जास्तीची आली, म्हणजे एक भर. सीईआर म्हणजे बदल, गाळ आणि भर यांची बेरीज भागिले मूळ मजकुरातली चिन्हं. इथे २ भागिले ३२, म्हणजे सव्वासहा टक्के. आता शब्दांचा हिशेब करा. मूळ शब्द चार. “पाळिचे” चुकला, “कामगार” च्या जागी “काम” आलं आणि वर “गार” हा एक शब्द वाढला. चुका तीन, म्हणजे डब्ल्यूईआर ७५ टक्के. तीच ओळ, त्याच दोन बारीक चुका.

मराठी शब्दात सरासरी सहा-सात चिन्हं धरली आणि चुका सगळीकडे सुट्या विखुरलेल्या असल्या, तर शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता काढता येते. सीईआर ४ टक्के असेल तर ०.९६ चा सहावा घात साधारण ०.७८ येतो, म्हणजे शंभरातले सुमारे २२ शब्द कुठे ना कुठे चुकलेले. तुमचा डब्ल्यूईआर २१ आला, म्हणजे तुमच्या पाच पानांत चुका अशाच विखुरलेल्या आहेत: इथे एक वेलांटी, तिथे एक अनुस्वार. डब्ल्यूईआर या अंदाजापेक्षा बराच कमी आला असता, समजा ९, तर चुका एका जागी गोळा झाल्या आहेत असं समजायचं: डाग पडलेला कोपरा, सुटलेली एखादी ओळ. हा ताळा मी प्रत्येक नमुन्यावर करतो, कारण दुरुस्तीला माणूस बसवायचा की पान पुन्हा स्कॅन करायचं, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं.

कंपनीचे ९८ टक्के चिन्हांचे असतील तर सीईआर २, आणि त्याच हिशेबाने डब्ल्यूईआर ११ च्या आसपास. ते ९८ टक्के शब्दांचे असतील तर दावा फारच मोठा आहे. तेव्हा पहिला प्रश्न कंपनीला हाच विचारा: टक्के चिन्हांचे की शब्दांचे? आणि चिन्ह म्हणजे नक्की काय? वरचीच ओळ आपण शाळेत शिकलेल्या अक्षरांनी मोजली, म्हणजे “ल्या” एक, “ऱ्या” एक, “ळी” एक, तर जागा धरून १८ अक्षरं होतात. चुका दोनच राहतात, पण दर ११ टक्क्यांवर जातो. पायथनमधलं `jiwer` युनिकोडची चिन्हं मोजतं, तर `dinglehopper` अक्षरांच्या गटांनी मोजतं. दोन्ही पद्धती रास्त आहेत. फक्त एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवू नका.

आता “कशाला चूक म्हणायचं” याकडे येतो. इथे मराठीत एक खास खड्डा आहे. “दुसऱ्या” हा शब्द संगणकात निदान तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह (U+0931). दुसऱ्यात र आणि त्याखाली नुक्ता (U+0930 U+093C). तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक (U+200D). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण मोजणारा प्रोग्राम त्यांना वेगळं धरतो. पहिल्या दोघांतला फरक युनिकोडच्या NFC सामान्यीकरणाने जातो. तिसरा त्याने जात नाही. बरेच जण मग न दिसणारी सगळी चिन्हं सरसकट काढून टाकतात. तसं केलं की “दुसऱ्या” चं रफार असलेलं “दुसर्या” होतं आणि चूक नसताना चूक धरली जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी र-हलन्त-जोडक याचं ऱ-हलन्त करा, मगच उरलेले जोडक काढा. “ॲ” चंही तसंच आहे. तो एकाच चिन्हाने (U+0972) लिहितात, किंवा अ आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी, आणि हा फरकही NFC मिटवत नाही. मी वापरतो तो तुकडा असा:

```python
import re, unicodedata, jiwer

def saman(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = re.sub("[\u200c\u200d\ufeff]", "", s)
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    return re.sub(r"\s+", " ", s).strip()

r = jiwer.process_characters(saman(mul), saman(ocr))
print(r.cer, r.substitutions, r.deletions, r.insertions)
```

`mul` म्हणजे तुम्ही हाताने तयार केलेली प्रमाण प्रत, `ocr` म्हणजे कंपनीचा मजकूर. हा क्रम उलटा करू नका, कारण भागाकार पहिल्या मजकुराच्या लांबीने होतो. `saman` मधली शेवटची ओळ सगळ्या रिकाम्या जागा आणि नव्या ओळी एका जागेत बदलते. ती नसली तर ओळ कुठे तुटली यावरूनही चुका वाढतात. शब्दांसाठी `jiwer.wer` वापरताना मी विरामचिन्हं दोन्हीकडून आधीच काढतो. नाहीतर “आहे.” आणि “आहे” हे दोन वेगळे शब्द ठरतात आणि एका ठिपक्यापायी अख्खा शब्द बाद होतो.

याउलट काही फरक मुद्दाम ठेवायचे असतात. तुमची साप्ताहिकं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची आहेत, तेव्हा पानावर “नाहीं”, “घरें”, “त्यांत” असे अनुस्वार भरपूर असणार. प्रमाण प्रत टाइप करणाऱ्याचा हात सवयीने “नाही” लिहितो. ओसीआरने “नाहीं” बरोबर वाचलेलं असतं आणि चूक मात्र त्याच्या माथी पडते. जोडून किंवा तोडून लिहिलेली शब्दयोगी अव्ययंही पानावर जशी आहेत तशीच हवीत. टाइप करायला बसणाऱ्यांना मी एकच सूचना देतो: जे छापलंय ते लिहा, छपाईची चूकही तशीच लिहा.

प्रमाण प्रत कशी बनवता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सोपा मार्ग असा वाटतो की कंपनीचाच मजकूर उघडावा आणि त्यातल्या चुका दुरुस्त कराव्यात. तसं करू नका. समोर मजकूर दिसला की डोळा तो मान्य करत जातो. “घ” चा “ध” आणि “भ” चा “म” झालेला, वाक्य अर्थाने लागत असेल तर, सहज नजरेतून सुटतो, आणि सीईआर खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता, ओसीआरही न पाहता, फक्त स्कॅनवरून टाइप करावं. मग त्या दोन प्रतींची आपसात तुलना करावी आणि जिथे फरक आहे तेवढ्याच जागा तिसऱ्याने पानावर पाहून ठरवाव्यात. त्या दोघांचा आपसातला सीईआरसुद्धा लिहून ठेवा. माणसामाणसांतच एक टक्का फरक पडत असेल, तर ओसीआरकडून अर्ध्या टक्क्याची अपेक्षा मोजताच येणार नाही. जी ओळ दोघांनाही वाचता आली नाही ती दोन्ही बाजूंतून वगळा आणि अशा ओळी किती ते नोंदवा. मराठी पानात मध्येच कन्नड किंवा तेलुगू जाहिरात असेल तर तेवढा चौकोनही तसाच वगळा. आपल्याकडच्या जुन्या पानांत हे होऊ शकतं, आणि फक्त मराठीसाठी लावलेलं ओसीआर तिथे काहीबाही देवनागरी ओतून ठेवतं.

आता पानं. तुमची पाच पानं कशी निवडली हे तुम्ही लिहिलेलं नाही. हाताला लागली ती किंवा वाचनीय वाटली ती घेतली असतील, तर ४ टक्के हा आकडा त्या पाच पानांचाच राहतो, २,४०० चा होत नाही. माझी पद्धत अशी: सगळ्या स्कॅनच्या छोट्या प्रतिमा एकदा चाळायच्या आणि प्रत्येक पान एका गटात टाकायचं. समजा तुमच्याकडे स्वच्छ, सलग मजकुराची १,६०० पानं निघाली, फिकट किंवा शाई फुटलेली ५००, आणि जाहिराती, बाजारभावाचे तक्ते वगैरे असलेली ३००. मग प्रत्येक गटातून यादृच्छिक पद्धतीने पानं उचलायची. कंपनीचा मजकूर उघडण्याआधी निवड पूर्ण करायची आणि एखादं पान नकोसं वाटलं म्हणून बदलायचं नाही. सुरुवातीला ४० पानं घेतो: पहिल्या गटातून १६, बाकीच्या दोन गटांतून १२-१२. अवघड गट लहान असले तरी त्यांतून मुद्दाम जास्त पानं घ्यायची, कारण तिथे पानागणिक दर फार हेलकावतो.

समजा सीईआर असे आले: स्वच्छ पानांवर १.५ टक्के, फिकट पानांवर ६, तक्त्यांच्या पानांवर १४. पहिल्या दोन गटांत पानावर सरासरी १,८०० चिन्हं आणि तक्त्यांच्या पानांवर १,००० धरू. नमुन्यातल्या ४० पानांच्या चुका एकत्र करून नमुन्यातल्या चिन्हांनी भागलं तर ५.५ टक्के येतात. हा आकडा तुमच्या संग्रहाचा नाही, कारण अवघड पानं आपण मुद्दाम जास्त घेतली. प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या आकाराचं वजन द्यायला हवं. पहिल्या गटात २८ लाख ८० हजार चिन्हं, त्यांत अंदाजे ४३,२०० चुका. दुसऱ्यात ९ लाख चिन्हं आणि ५४,००० चुका. तिसऱ्यात ३ लाख चिन्हं आणि ४२,००० चुका. एकूण ४० लाख ८० हजार चिन्हांत १ लाख ३९ हजार २०० चुका, म्हणजे ३.४ टक्के. पानांच्या सीईआरची साधी सरासरी काढू नका. तीत सहा ओळींचं पान आणि पूर्ण भरलेलं पान सारख्याच वजनाचं ठरतं.

या ३.४ वर भरवसा किती? नमुन्यात ६२,४०० चिन्हं आहेत, म्हणून काही जण तेवढ्या स्वतंत्र चाचण्या धरतात आणि अधिक-उणे ०.१४ असा देखणा पट्टा सांगतात. तो खोटा आहे. एका पानावरच्या चुका एकाच कारणाने होतात: त्या पानाची शाई, त्याचा कागद, स्कॅन करताना पडलेली घडी. तुम्ही खरं तर ४० गोष्टी मोजल्या आहेत, ६२ हजार नाहीत. म्हणून मी पानांवरच फेरनिवड करतो. प्रत्येक गटातून तितकीच पानं पुन्हा चिठ्ठ्या टाकून काढायची. एकच पान दोनदा आलं तर येऊ द्यायचं. मग वजन देऊन सीईआर काढायचा आणि असं दोन हजार वेळा संगणकाकडून करून घ्यायचं. आलेले दर चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडले की मध्ये उरतो तो पट्टा. स्वच्छ पानांचे दर आपसात एखाद्या टक्क्याने, फिकट पानांचे चारेक टक्क्यांनी आणि तक्त्यांचे नऊएक टक्क्यांनी विखुरलेले असतील, तर वरच्या उदाहरणात हा पट्टा साधारण २.७ ते ४.१ येतो. गटात बाराच पानं असताना हा पट्टा प्रत्यक्षापेक्षा थोडा अरुंदच निघतो, एवढं लक्षात ठेवा.

“किती पानं पुरेत” याचं उत्तर इथे मिळतं, आणि ते तुम्हाला काय ठरवायचंय यावर आहे. चिन्हांचा दर २ टक्क्यांच्या आत आहे का, एवढाच वाद असेल तर पट्ट्याचं खालचं टोकच २.७ आहे. दावा टिकत नाही, ४० पानं पुरली. पट्टा १.६ ते २.५ असा आला असता तर काहीच ठरलं नसतं आणि पानं वाढवावी लागली असती. पट्टा निम्मा करायला पानं चौपट लागतात, म्हणून सरसकट वाढवण्याऐवजी ज्या गटामुळे पट्टा रुंद झालाय तिथेच आधी वाढवावीत. वरच्या उदाहरणात तो फिकट पानांचा गट आहे.

एकूण आकडा कळला तरी बदल, गाळ आणि भर वेगवेगळे पाहा. गाळ फार असेल तर ओळी किंवा आख्खा स्तंभ सुटलाय. भर फार असेल तर कागदावरचे ठिपके, चौकटीच्या रेघा, पलीकडच्या बाजूची उमटलेली शाई हे सगळं अक्षर म्हणून वाचलं गेलंय. भर मूळ मजकुरापेक्षाही जास्त झाली तर सीईआर १०० च्या वर जातो. तो मोजणीतला घोटाळा नव्हे.

साप्ताहिकांत सगळ्यात फसवं प्रकरण स्तंभांचं. ओसीआरने दोन स्तंभ ओळीला ओळ जोडून आडवे वाचले, तर प्रत्येक अक्षर बरोबर असूनही त्या पानाचा सीईआर ५०-६० टक्के येऊ शकतो. अशी दोन-तीन पानं नमुन्यात आली तर संपूर्ण सरासरी बिघडते. ओळखायचं असं: दोन्ही मजकुरांतल्या शब्दांच्या फक्त याद्या करायच्या, क्रम सोडून द्यायचा, आणि मूळच्या यादीतले किती शब्द ओसीआरच्या यादीत तितक्याच वेळा सापडतात ते पाहायचं. सीईआर ५५ आणि तरी शब्द ९५ टक्के सापडतात, तर दोष वाचनक्रमाचा आहे, अक्षरओळखीचा नाही. अशा पानांचा दर मी वेगळा सांगतो, कारण त्यावर उपाय वेगळा आहे. स्तंभांच्या चौकटी हाताने आखून तेवढीच पानं पुन्हा ओसीआरला द्यायची.

शेवटी, मजकुराचा उपयोग काय होणार यावर कोणता दर पुढे ठेवायचा ते ठरतं. माणूस बसवून मुद्रितशोधन करून मजकूर छापायचा असेल तर सीईआर पाहा, कारण दुरुस्तीचे कष्ट साधारण चुकांच्या संख्येइतके असतात. वाचकांना शोधासाठी द्यायचा असेल तर डब्ल्यूईआर जवळचा, पण मराठीत तो जरा जास्त कडक ठरतो. “सोलापुरांत” चा “सोलापुरात” झाला तर डब्ल्यूईआर आख्खा शब्द चुकला म्हणतो, आणि “सोलापु” टाकून शोधणाऱ्याला मात्र तो सापडतो. म्हणून शोधासाठी मी आणखी एक तपासणी करतो. प्रमाण प्रतीतली माणसांची, पेठांची, गिरण्यांची नावं काढतो आणि प्रत्ययाआधीचा भाग ओसीआरच्या त्याच पानात सापडतो का, एवढंच मोजतो. तुमच्याकडे इतिहासाचे अभ्यासक येत असतील तर त्यांना हाच आकडा उपयोगी पडेल.

कंपनीला पत्र लिहाल तेव्हा ९८ च्या आकड्यावर वाद घालू नका. गटवार सीईआर, पट्टा, वरचा सामान्यीकरणाचा तुकडा आणि निवडलेल्या ४० पानांचे क्रमांक प्रमाण प्रतींसह पाठवा, आणि त्यांनी त्याच पानांवर त्याच नियमांनी मोजून दाखवावं असं कळवा. मात्र पुढच्या फेरीच्या तपासणीला ही पानं पुन्हा वापरू नका. ती त्यांनी वेगळी दुरुस्त करून दिलेली असू शकतात, म्हणून त्या वेळी त्याच गटांतून नवी ४० काढा.